अक्षरओळखीपूर्वीची दृष्टितपासणी : एक आढावा

भिंतीवर टांगलेला तक्ता, त्यापासून सहा मीटरांवर बसवलेला माणूस आणि एक डोळा झाकून खालच्या खालच्या ओळींकडे उतरत जाणारे त्याचे वाचन, ही दृष्टितपासणीची रीत आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की, दृष्टी मोजणे म्हणजे माणसाला काय दिसते ते त्याच्याच तोंडून वदवून घेणे होय, हे तिच्यातील गृहीत आपल्या सहसा ध्यानातही येत नाही. दीड-दोन वर्षांच्या मुलापुढे हे गृहीत साफ कोलमडते. त्याला अक्षरे ठाऊक नसतात, चित्रे ओळखली तरी त्यांची नावे सांगण्याची इच्छा असेलच असे नसते, आणि एक डोळा झाकू देण्याइतका त्याचा धीर क्वचितच टिकतो. तीन वर्षे पूर्ण झाल्यावर चित्रांच्या किंवा जुळवाजुळवीच्या तक्त्यांवर पुष्कळशा मुलांची तपासणी करता येते; त्याआधीच्या वयात मात्र तपासणाऱ्याला मुलाच्या उत्तरावाचूनच अनुमान करावे लागते. असे अनुमान करण्याच्या ज्या तीन पद्धती आज प्रचारात आहेत, त्यांपैकी प्रत्येकीचा पल्ला कोठवर आहे आणि त्यांच्या सार्वत्रिक उपयोगाविषयी जाणत्यांत मतभेद का आहे, याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

या वयात शोधावयाच्या विकारांचे दोन वर्ग पडतात आणि ते आरंभीच वेगळे न केल्यास पुढील सर्व चर्चा गोंधळात पडते. पहिल्या वर्गात जन्मजात मोतीबिंदू, दृष्टिपटलाचा कर्करोग म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, यांसारखे विरळ पण भयंकर विकार येतात. दुसऱ्या वर्गात ज्याला बोलीत ‘आळशी डोळा’ म्हणतात तो मंददृष्टीचा विकार येतो. तो शंभरांत दोन-तीन मुलांत आढळतो, त्याने जिवाला धोका नसतो, आणि बहुतेक वेळा तो एकाच डोळ्याला असल्यामुळे मूल धावते, खेळते, जमिनीवरचा दाणा टिपते आणि घरातील कोणालाही कसली शंका येत नाही.

मंददृष्टीचे बीज डोळ्यापेक्षा मेंदूत असते. जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या स्पष्ट प्रतिमांच्या आधारे मेंदूतील दृष्टिकेंद्राची घडण होत जाते. या मुदतीत एका डोळ्याची प्रतिमा सातत्याने धूसर राहिली, किंवा तो डोळा तिरळा असल्यामुळे त्याची प्रतिमा दुसऱ्याशी जुळली नाही, तर मेंदू त्या डोळ्याचा संदेश हळूहळू डावलू लागतो. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिलांची एक पापणी शिवून जे प्रयोग केले, त्यांतून दृष्टीच्या घडणीला एक निर्णायक कालखंड असतो ही कल्पना दृढमूल झाली आणि १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. लवकर तपासणी करण्याच्या आग्रहामागे मुख्यत्वे हीच कल्पना उभी आहे. ती खरी आहे. परंतु पापणी शिवलेल्या पिलाची अवस्था आणि एका डोळ्याला थोडा अधिक नंबर असलेल्या मुलाची अवस्था यांत मोठे अंतर आहे, आणि पुढील वादाचा बराचसा भाग या अंतराविषयीच आहे.

रेड रिफ्लेक्स

तिन्ही पद्धतींत सर्वांत जुनी, सोपी आणि स्वस्त पद्धत म्हणजे रेड रिफ्लेक्सची. खोलीतील उजेड मंद करावा, मुलाला आईच्या मांडीवर बसवावे, आणि हातातील ऑफ्थॅल्मोस्कोप सुमारे दीड फुटावर धरून त्याच्या छिद्रातून मुलाच्या बाहुलीकडे पाहावे. निरोगी डोळ्यात प्रकाश भिंगातून आरपार जाऊन दृष्टिपटलामागील रक्तवाहिन्यांच्या थरावरून परततो आणि बाहुली तांबूस-नारिंगी उजळलेली दिसते. वाटेत मोतीबिंदू असेल तर तेथे काळा डाग किंवा अंधार दिसतो. दृष्टिपटलावर अर्बुद असेल तर पांढरट चमक दिसते. दोन्ही डोळ्यांतील झाक एकसारखी असणे ही खरी कसोटी होय. आपल्याकडील मुलांच्या डोळ्यांत रंगद्रव्य अधिक असल्यामुळे ही झाक गोऱ्या वंशाच्या मुलांइतकी लालभडक नसून गडद, क्वचित करडीही दिसते. म्हणून पुस्तकातील रंगीत चित्राशी ताळा न पाहता एका डोळ्याचा दुसऱ्याशी ताळा पाहावा, हे नवशिक्या तपासनिसाला मुद्दाम सांगावे लागते.

बाझेल येथील नेत्रतज्ज्ञ ब्रुकनर यांनी १९६२ साली याच तपासणीला एक उपयुक्त वळण दिले. दोन्ही बाहुल्या एकाच वेळी उजेडाच्या वर्तुळात येतील इतके अंतर ठेवले, तर मूल प्रकाशाकडे पाहत असताना सरळ डोळ्याची बाहुली मंद आणि तिरळ्या डोळ्याची बाहुली अधिक उजळ दिसते. शिवाय चष्म्याचा मोठा नंबर असल्यास बाहुलीच्या वरच्या किंवा खालच्या कडेला प्रकाशाची चंद्रकोर उमटते. वरची कोर प्लस नंबर सुचवते, खालची मायनस. कसलेल्या हाती ही चाचणी अर्ध्या मिनिटात पुष्कळ काही सांगून जाते. मात्र ती पाहणाऱ्याच्या सरावावर इतकी अवलंबून आहे की, एका तज्ज्ञाने मिळवलेले यश तालुक्यातील शंभर कर्मचाऱ्यांकडून जसेच्या तसे अपेक्षिणे धाडसाचे ठरेल.

रेड रिफ्लेक्सच्या पहिल्या आणि मूळ उपयोगाविषयी, म्हणजे मोतीबिंदू आणि अर्बुद शोधण्याविषयी, मतभेद जवळजवळ नाहीत. एका डोळ्याच्या दाट जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया साधारण सहा आठवड्यांच्या आत आणि दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची आठ आठवड्यांच्या सुमारास व्हावी, असे मानले जाते. हा हिशेब पाहता प्रसूतिगृहातून घरी सोडण्यापूर्वीची तपासणी आणि सहा-आठ आठवड्यांची फेरतपासणी या दोन वेळा ब्रिटनमध्ये ठरवून दिल्या आहेत, त्यामागील तर्क स्पष्ट होतो. मर्यादा एवढीच की, बाहुली औषधाने विस्फारलेली नसताना दृष्टिपटलाच्या कडेकडेला असलेले लहान अर्बुद या तपासणीत सुटू शकते. म्हणजे निर्दोष रेड रिफ्लेक्स हा कायमचा निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. म्हणूनच आईबापांनी छायाचित्रात पाहिलेल्या पांढऱ्या बाहुलीला महत्त्व द्यावे लागते. कॅमेऱ्याच्या रोखापासून मुलाची नजर जराशी नाकाकडे वळलेली असली, तर दृष्टिचेतेच्या उगमस्थानावरून परतलेला प्रकाशही अगदी निरोगी डोळ्यात अशी पांढरी चमक उमटवतो हे खरे. परंतु ते ठरवण्याचे काम नेत्रतज्ज्ञाचे आहे, घरातल्यांचे नव्हे.

नजर स्थिरावण्याच्या चाचण्या

दुसरी पद्धत मुलाच्या वर्तनाकडे पाहते. एखादे लहानसे चमकदार खेळणे समोर धरावे आणि प्रत्येक डोळा वेगळा झाकून तीन गोष्टी पाहाव्यात : नजर खेळण्यावर मध्यभागी रोखली जाते काय, ती थरथर न करता स्थिर राहते काय, आणि झाकलेला दुसरा डोळा उघडा केल्यावरही पहिला डोळा आपली पकड टिकवून धरतो काय. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत अर्थपूर्ण आहे. हात दूर होताच पाहण्याचे काम ताबडतोब दुसऱ्या डोळ्याकडे जात असेल, तर पहिल्या डोळ्याला मेंदूच्या दरबारी दुय्यम स्थान मिळालेले आहे असे अनुमान निघते. झाकण्याला मुलाचा होणारा विरोध हीसुद्धा एक खूण आहे. डावा डोळा झाकला असता मूल शांतपणे खेळत राहते आणि उजवा झाकताच हात झटकून रडू लागते, असे पुन्हा पुन्हा घडले, तर डाव्या डोळ्याच्या दृष्टीविषयी शंका घेणे रास्त होय. दोन्ही वेळा सारखेच रडले तर ते केवळ परक्या माणसाच्या हाताला विटले आहे एवढेच सिद्ध होते.

डोळा तिरळा असेल तेव्हा या चाचणीचे काम सोपे असते, कारण कोणता डोळा पाहतो आहे हे उघड दिसते. दोन्ही डोळे सरळ असताना मात्र पसंती ओळखता येत नाही, म्हणून एका डोळ्यापुढे दहा शक्तीचा प्रिझम तळाची बाजू खाली ठेवून धरतात. त्यामुळे दोन प्रतिमा वरखाली होतात आणि मूल कोणत्या डोळ्याने पाहणे पत्करते हे डोळ्यांच्या उभ्या हालचालीवरून कळते. ही युक्ती बालनेत्रचिकित्सेत दीर्घकाळ विश्वासाने वापरली गेली. परंतु अमेरिकेत लोकवस्तीतील मुलांच्या ज्या मोठ्या पाहण्या झाल्या, त्यांत थोड्या मोठ्या मुलांची नजरेची पसंती आणि तक्त्यावर प्रत्यक्ष मोजलेली दृष्टी यांची तुलना करता, तिरळेपणा नसलेल्या पण दोन डोळ्यांच्या नंबरात तफावत असलेल्या मुलांतील मंददृष्टी या चाचणीतून बहुतांशी निसटते, असे दिसून आले. नेमकी हीच मुले घरच्यांच्या नजरेतूनही निसटतात. त्यामुळे तपासणीचा सर्व भार नजरेच्या चाचण्यांवर टाकावा, असे आज फारसे कोणी म्हणत नाही; निदान झालेल्या मुलाच्या उपचाराची प्रगती पाहण्यास त्या अजूनही उपयोगी पडतात.

फोटोस्क्रीनर

तिसरी पद्धत वर्तनावाचून थेट डोळ्याच्या प्रकाशशास्त्राकडे जाते. काकिनेन या फिनलंडमधील वैद्यांनी १९७९ साली मुलाच्या दोन्ही डोळ्यांचे छायाचित्र फ्लॅशच्या उजेडात घेऊन, पारपटलावरील आणि दृष्टिपटलावरून परतलेल्या प्रकाशाच्या आकृतीवरून तिरळेपणा आणि नंबर यांचा अंदाज बांधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे छायाचित्राची जागा इन्फ्रारेड दिव्यांनी आणि संगणकाने घेतली. तत्त्व मात्र तेच राहिले. कॅमेऱ्याच्या भिंगापासून किंचित बाजूला ठेवलेल्या दिव्याचा प्रकाश डोळ्यात शिरून परत येतो. डोळा कॅमेऱ्यावरच नेमका केंद्रित झालेला असेल तर तो प्रकाश बव्हंशी दिव्याकडेच परततो, आणि डोळ्याला नंबर असेल तर तो पसरून त्याचा काही भाग कॅमेऱ्यात शिरतो व बाहुलीच्या एका कडेला अधिक उजेड दिसतो. बाहुलीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उजेड ज्या प्रमाणात चढत किंवा उतरत जातो, त्यावरून यंत्र नंबराचे गणित मांडते. मुलाला मीटरभर अंतरावर बसवावे, खोली अंधारी करावी, यंत्रातून चिवचिव आवाज किंवा लुकलुकते दिवे सुरू होताच मूल क्षणभर तिकडे पाहते, आणि एकदोन सेकंदांत दोन्ही डोळ्यांचे आकडे पडद्यावर उमटतात. पडदे उघडे असले आणि बाहुल्या आकसलेल्या असल्या, तर यंत्र आकडा देण्याचेच नाकारते. मुलाने सहकार्य केले नाही असा शेरा अशा वेळी हटकून लिहिला जातो, पण दोष बहुधा खिडकीचा असतो.

या यंत्राचे बळ आणि दौर्बल्य समजण्यास एक कल्पित उदाहरण घेऊ. वीस महिन्यांची एक मुलगी आहे. डोळे सरळ, रेड रिफ्लेक्स दोन्हीकडे स्वच्छ, घरच्यांची काही तक्रार नाही. यंत्र उजव्या डोळ्याला अधिक एक आणि डाव्याला अधिक चार असा आकडा दाखवते. अमेरिकेतील बालनेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली ठरवलेल्या निकषांनुसार बारा ते तीस महिन्यांच्या मुलांत दोन डोळ्यांच्या नंबरातील तफावत अडीचहून अधिक असल्यास, किंवा प्लस नंबर साडेचारहून अधिक असल्यास, पुढील तपासणीस पाठवावे. मुलीचा कोणताही आकडा साडेचारांवर नाही, पण तफावत तीन आहे. म्हणून तिला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवले जाते. तेथे ॲट्रोपिनचे मलम तीन दिवस घालून डोळ्यांचे भिंग शिथिल केल्यावर रेटिनोस्कोपने नंबर तपासला जातो आणि तो उजवीकडे अधिक अडीच, डावीकडे अधिक साडेपाच निघतो.

यंत्राचा आकडा दोन्ही डोळ्यांत दीडाने कमी आला, याचे कारण असे की, मुलाचे भिंग लवचिक असते आणि यंत्राकडे पाहताना ते आपोआप ताण घेऊन प्लस नंबराचा काही भाग झाकून टाकते. हा ताण दोन्ही डोळ्यांत सारखाच पडतो, म्हणून खरा नंबर दडला तरी तफावत शाबूत राहिली. याच कारणाने दोन्ही डोळ्यांना सारखाच मोठा प्लस नंबर असलेले मूल यंत्राला हुलकावणी देऊ शकते, आणि एकाच डोळ्यात फरक असलेले मूल बहुधा सापडते. मंददृष्टी कशी जडते तेही येथेच दिसते. ही मुलगी उजव्या डोळ्यापुरता ताण घेऊन त्याची प्रतिमा स्पष्ट करते. डाव्याला आणखी तीन शक्तीचा ताण हवा असतो, तो त्याला कधीच मिळत नाही, आणि तो डोळा सदोदित धूसर प्रतिमेवर वाढत राहतो. तिला चष्मा दिला जातो. तीन ते सात वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, अशा तफावतीमुळे आलेली मंददृष्टी सुमारे चौथा हिस्सा मुलांत पट्टीवाचून, केवळ चष्म्याने नाहीशी झाल्याचे २००६ साली नोंदले गेले आहे. उरलेल्यांना चांगला डोळा रोज काही तास झाकावा लागतो.

आपल्याकडील डोळ्यांविषयी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. उजेडाच्या चढउतारावरून नंबर काढण्याचे यंत्रातील कोष्टक कोणत्या लोकांच्या डोळ्यांवर बसवले आहे, यावर आकड्याची बिनचूकता अवलंबून असते, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की, हे कोष्टक निरनिराळ्या वंशांच्या डोळ्यांत सारखे नसते. आयात केलेल्या यंत्राचे निकष आपल्याकडील मुलांच्या रेटिनोस्कोपीशी ताडून न पाहता वापरणे म्हणूनच गैर होय.

मतभेद कोठे आहे

लवकर तपासणीचा पुरस्कार करणाऱ्यांची भूमिका सरळ आहे. मंददृष्टी जितकी लवकर सापडेल तितका उपचार सुलभ. बोलता न येणाऱ्या मुलात ती शोधण्याचे साधन आता उपलब्ध आहे. म्हणून ते वापरावे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली असे सांगितले की, वयाच्या बारा महिन्यांपासून यंत्राने तपासणी करून पाहण्यास हरकत नाही आणि मूल तक्त्यावर उत्तर देऊ लागेपर्यंत ती दरवर्षी करता येईल. या पक्षाच्या हाती दोन वजनदार दाखले आहेत. इस्राएलमधील हैफा शहरात एक ते अडीच वर्षे वयात तपासणी झालेल्या मुलांत आठव्या वर्षी मंददृष्टीचे प्रमाण शेकडा १ होते, तर अशी तपासणी नसलेल्या हदेरा शहरात ते २.६ होते, हा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधील एव्हॉन परगण्यात ३४९० मुलांचे दोन गट पाडून एका गटाची आठ ते सदतीस महिन्यांच्या दरम्यान सहा वेळा आणि दुसऱ्याची फक्त सदतिसाव्या महिन्यात तपासणी करण्यात आली. साडेसातव्या वर्षी ठळक मंददृष्टीचे प्रमाण पहिल्या गटात ०.६ आणि दुसऱ्यात १.८ टक्के आढळल्याचे २००२ साली जाहीर झाले.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही तितकेच विचारार्ह आहे. हैफा आणि हदेरा ही दोन वेगळी शहरे होती, मुलांची चिठ्ठ्या टाकून विभागणी झालेली नव्हती. एव्हॉनमधील अभ्यासात मूळच्या मुलांपैकी फार मोठा भाग अखेरच्या तपासणीस आलाच नाही. आणि दोन्ही ठिकाणी तपासणी प्रशिक्षित नेत्रकर्मचाऱ्यांनी केली होती, केवळ यंत्राने नव्हे. शिवाय बालपणातील नंबर हा वाहता आकडा असतो. बारा महिन्यांच्या मुलात दिसणारा बराचसा प्लस नंबर आणि दंडगोलाकृती दोष पुढील वर्षा-दोन वर्षांत आपोआप उतरतो, आणि यंत्र ज्याला धोक्याची खूण म्हणते ती असलेल्या मुलांपैकी पुष्कळांना मंददृष्टी कधी होतच नाही. उपचाराच्या मुदतीविषयीही प्रथम समजत होते तेवढी घाई नाही, असे काही पुरावे सुचवतात : एका डोळ्याची दृष्टी मंद असलेल्या मुलांच्या उपचाराला एक वर्ष उशीर केल्याने अंतिम दृष्टीत लक्षणीय फरक पडला नाही, असे ब्रिटनमधील एका चाचणीने २००३ साली नोंदवले, दुसरीकडे, अनेक चाचण्यांचा एकत्र विचार करता सात वर्षांनंतर उपचाराला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, हेही २०११ साली दिसले. म्हणजे चारपाच वर्षांपर्यंतचा अवकाश बऱ्याच मुलांना आहे, सात वर्षांपलीकडचा नाही. या पार्श्वभूमीवर ब्रिटनने चार ते पाच वर्षे वयात, ऑर्थोप्टिस्टांच्या देखरेखीखाली, तक्त्यावरचीच एक तपासणी पुरेशी मानली. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवाविषयक कृतिदलाने २०१७ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी तपासणीची शिफारस केली आणि तीन वर्षांखालील मुलांसाठी नफातोट्याचा निवाडा करण्याइतका पुरावा नाही, असे नमूद केले.

दोन्ही पक्ष वाचल्यावर असे वाटते की, त्यांचे भांडण पुष्कळदा एकाच गोष्टीविषयी नसते. पुरस्कर्ते किती मुलांत धोका सापडला ते मोजतात. शंका घेणारे सातव्या वर्षी किती मुलांची दृष्टी सुधारली ते विचारतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र एका सेकंदात देते, दुसऱ्यासाठी पाच-सहा वर्षे मुलांचा माग ठेवावा लागतो. पहिल्याचे अहवाल म्हणूनच विपुल आणि दुसऱ्याचे दुर्मीळ आहेत.

आकड्यांचा हिशेब आणि आपली व्यवस्था

हा भेद व्यवहारात काय अर्थ धारण करतो, ते एका साध्या हिशेबाने दिसेल. एका तालुक्यात दोन वर्षांची एक हजार मुले आहेत आणि त्यांपैकी तीस मुलांना खरोखर उपचार हवा आहे, असे धरू. यंत्र शंभर दोषी मुलांपैकी ऐंशी पकडते आणि शंभर निर्दोष मुलांपैकी नव्वदांना निर्दोष ठरवते, असेही मानू. मग तीसपैकी चोवीस मुले सापडतील, सहा सुटतील. आणि उरलेल्या नऊशे सत्तर निर्दोष मुलांपैकी सत्त्याण्णव विनाकारण पाठवली जातील. म्हणजे जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे निघालेल्या एकशे एकवीस मुलांपैकी जेमतेम पाचांतील एकाला खरी गरज असेल. निकष कडक करून खोटी पाठवणी निम्मी करता येते, पण त्याबरोबर सुटणाऱ्यांची संख्या वाढते. कोणता तोटा पत्करावयाचा हे यंत्र सांगत नाही, ते धोरण ठरवणाऱ्याने सांगावयाचे असते.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी असलेला संबंध दूरचा नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथेच झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात अभिप्रेत असून, फिरत्या पथकांनी अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुले वर्षातून एकदा पाहावीत, दोष आढळलेल्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी तरतूद आहे. शोधावयाच्या विकारांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आणि दृष्टिदोष दोन्ही आहेत. पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो, नेत्रतंत्रज्ञ नसतो. वजन, उंची, दात, त्वचा, कान अशा अनेक बाबींच्या मध्ये डोळ्यांच्या वाट्याला जो वेळ येतो, त्यात ऑफ्थॅल्मोस्कोप हातात धरून, दार लावून, अंधार करून, दोन्ही बाहुल्यांची झाक ताडून पाहणे घडते की नाही, हा प्रश्न यंत्रखरेदीच्या आधीचा आहे.

फोटोस्क्रीनरच्या किमती लाखांच्या घरात आहेत, आणि मोबाइलवर चालणाऱ्या पर्यायांनी त्या उतरल्या तरी खर्चाचा मोठा भाग पुढेच असतो. पाठवलेल्या प्रत्येक मुलाला तीन दिवस मलम घालावे लागते, त्या अवधीत त्याला उजेड सहन होत नाही, आईची मजुरी बुडते, आणि जिल्ह्याच्या गावी लहान मुलाची रेटिनोस्कोपी करू शकणारा माणूस त्याच दिवशी हजर असावा लागतो. पाचांतील चार आयांना ‘काही नाही, सर्व ठीक आहे’ एवढेच ऐकून परतावे लागले, तर पुढच्या वर्षी पाचवीही येत नाही. असे वारंवार घडणाऱ्या मोहिमेचे आकडे वरकरणी उत्तम दिसतात. पाठवलेल्यांपैकी किती पोचले आणि पोचलेल्यांपैकी किती जणांच्या नाकावर सहा महिन्यांनी चष्मा होता, हे दोन रकाने अहवालात कोरे आहेत काय, एवढे पाहिले की खरी स्थिती कळते.

जे अनिर्णित आहे

यंत्राने कोणत्या वयात पाहावे, बारा महिन्यांत की चोवीस की छत्तीस, हे निश्चित झालेले नाही. वय जितके कमी तितकी खोटी पाठवणी अधिक, हा कल मात्र दिसतो. निकषांचीही स्थिती तशीच आहे; अमेरिकन संघटनेने २०१३चे निकष २०२१ साली पुन्हा बदलले, याचा अर्थ तज्ज्ञांनाही सीमारेषा कोठे आखावी याविषयी समाधान नाही. नंबराऐवजी दोन्ही डोळ्यांची नजर एकाच वेळी एका बिंदूवर रोखली जाते की नाही, हे ध्रुवित प्रकाशाने तपासणारी निराळ्या तत्त्वाची यंत्रे निघाली आहेत. ती धोक्याऐवजी विकाराच्याच अधिक जवळ जातात असा त्यांच्या कर्त्यांचा दावा आहे, पण अंगणवाडीसारख्या ठिकाणी त्यांचा कस लागलेला नाही.

तूर्त उपलब्ध पुराव्यावरून पुढील क्रम मला रास्त वाटतो. नवजात बालकाचा आणि सहा-आठ आठवड्यांच्या लसीकरणाच्या भेटीतील रेड रिफ्लेक्स ही बाब वादाच्या पलीकडची आहे, तिच्यात हयगय होता कामा नये, आणि त्यासाठी लागणारा ऑफ्थॅल्मोस्कोप व अंधारी खोली प्रत्येक प्रसूतिगृहात असावी. चौथ्या वर्षाची तक्त्यावरील तपासणी ही दुसरी पायरी. फोटोस्क्रीनरची जागा या दोहोंच्या मध्ये, दोन-तीन वर्षांच्या वयात आहे, आणि तीही ज्या जिल्ह्यात पाठवलेल्या मुलाची औषध घालून तपासणी महिन्याभरात होते व चष्मा विनामूल्य मिळतो तेथेच. अशा एखाद्या जिल्ह्याने प्रत्येक मुलाला क्रमांक देऊन, यंत्राचा आकडा, रेटिनोस्कोपीचा आकडा आणि सातव्या वर्षी शाळेत तक्त्यावर मोजलेली दृष्टी या तीन नोंदी एका दप्तरात ठेवल्या, तर अमेरिकेच्या कृतिदलाला जो पुरावा अपुरा वाटला तो आपल्याकडील मुलांपुरता तरी गोळा होईल. फिरती पथके आणि शाळेतील वार्षिक तपासणी दोन्ही अस्तित्वात असल्यामुळे त्यासाठी नवे खाते काढण्याची गरज नाही. रकाने तेवढे वाढवावे लागतील.